गुणोत्तराचं ऑब्जेक्टिव्ह साध्या एलपीत बसवताना t कुठे कुठे लावायचा

प्रश्न: दोन प्रॉडक्ट आहेत, x1 आणि x2. मला एकूण नफा नकोय, मशीनच्या दर तासाला नफा जास्तीत जास्त हवाय, म्हणजे (6x1 + 5x2 - 10) / (2x1 + x2 + 5). अटी x1 + x2 <= 10, 3x1 + x2 <= 24 आणि x2 <= 6. कुणीतरी सांगितलं की y = t*x घे, तसं करून linprog मध्ये टाकलं. उत्तर २.६६७ आलं, पण x2 परत काढला तर १० येतोय, लिमिट तर ६ आहे. सॉल्व्हर म्हणतोय सगळं ठीक. कुठे चुकलं? आणि हे t चं प्रकरण मुळात चालतं कसं?

उत्तर:

तुमची x2 ची लिमिट bounds मध्येच राहिलीय, माझी जवळजवळ खात्री आहे. पहिल्या दोन अटी तुम्ही नीट बदलल्या पण x2 <= 6 ही तिसरी अट वेगळ्या जागी लिहिलेली असल्यामुळे ती (0, 6) अशीच्या अशी y2 ला लागली. आता तुमच्या नव्या मॉडेलमध्ये y2 ची किंमत शून्य पूर्णांक काहीतरी अशी असते, त्यामुळे y2 <= 6 ही अट कधी आड येतच नाही, ती असून नसल्यासारखी आहे. खात्री हवी असेल तर मूळ प्रश्नातून x2 ची लिमिट काढून टाका आणि हाताने करून बघा, सगळ्यात चांगला कोपरा (0, 10) मिळतो आणि तिथे गुणोत्तर 40/15, म्हणजे बरोब्बर तुमचं २.६६७. म्हणजे सॉल्व्हरने काहीही चुकवलेलं नाही, त्याने लिमिट नसलेला प्रश्न अगदी बरोबर सोडवला.

बरोबर उत्तर x1 = 4, x2 = 6 आहे, गुणोत्तर 44/19, साधारण २.३१६. आता हे का होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण t कुठून येतो हे एकदा डोक्यात बसलं की ही चूक परत होत नाही.

अंश आणि छेद दोन्हीला एकाच धन आकड्याने गुणलं तर गुणोत्तर बदलत नाही, हे शाळेपासून माहितीये. सगळी युक्ती एवढ्यावरच उभी आहे. तुमच्या एखाद्या x साठी छेद १९ येत असेल तर अंश आणि छेद दोन्हीला 1/19 ने गुणा, छेद झाला १ आणि अंश झाला तेच गुणोत्तर. म्हणजे प्रत्येक x ला त्याच्या स्वतःच्या छेदाने भागून घेतलं, तर भागाकार उरतच नाही, फक्त अंश मोठा करायचा राहतो. अडचण एवढीच की प्रत्येक x साठी हा गुणायचा आकडा वेगळा आहे, म्हणून त्यालाच एक नवीन व्हेरिएबल करायचं:

t = 1 / (2x1 + x2 + 5),  y1 = t*x1,  y2 = t*x2

आता छेदाला t ने गुणलं की 2y1 + y2 + 5t होतं आणि ते व्याख्येनेच १ आहे. अंशाला t ने गुणलं की 6y1 + 5y2 - 10t. इथे नीट बघा, अंशातला -10 हा फिक्स खर्च होता, त्याला कुठलंही x चिकटलेलं नव्हतं, तरी त्याला t लागला. छेदातल्या ५ तासांच्या सेटअपलाही लागला. जे जे कॉन्स्टंट आहे त्याला t लागतो, एकही सुटत नाही. आणि अटींचंही तसंच, x1 + x2 <= 10 ला दोन्ही बाजूंनी t ने गुणलं (t धन आहे म्हणून चिन्ह उलटत नाही) की y1 + y2 <= 10t. उजवीकडचा १० आता स्थिर आकडा राहिला नाही, तो t चा कोइफिशियंट झाला. तो डावीकडे आणला की उजवीकडे शून्य उरतं. पूर्ण मॉडेल असं दिसतं:

max 6y1 + 5y2 - 10t
y1 + y2 - 10t <= 0
3y1 + y2 - 24t <= 0
y2 - 6t <= 0
2y1 + y2 + 5t = 1
y1, y2, t >= 0

एक ओळखीची खूण लक्षात ठेवा. बदललेल्या मॉडेलमध्ये उजव्या बाजूला फक्त एकाच ओळीत शून्य नसलेला आकडा असतो, ती छेदाची ओळ. दुसऱ्या कुठल्याही ओळीत किंवा कुठल्याही bound मध्ये शून्य सोडून आकडा दिसला तर तिथे t लावायचा राहिलाय. मी कुणाचंही असं मॉडेल तपासायला घेतो तेव्हा ऑब्जेक्टिव्ह नंतर बघतो, आधी उजवी बाजू बघतो. x >= 0 ही bound तेवढी तशीच चालते, कारण शून्याला t ने गुणलं तरी शून्यच. बाकी प्रत्येक bound, वरची असो की खालची, तिची स्वतंत्र ओळ करायची.

कोड एवढाच आहे:

```python
from scipy.optimize import linprog

c = [-6, -5, 10]              # max साठी चिन्ह उलट
A = [[1, 1, -10],
     [3, 1, -24],
     [0, 1,  -6]]             # x2 <= 6 ची ओळ
r = linprog(c, A_ub=A, b_ub=[0, 0, 0],
            A_eq=[[2, 1, 5]], b_eq=[1])
y1, y2, t = r.x
print(y1/t, y2/t, -r.fun)
```

bounds मुद्दाम दिलेल्या नाहीत, linprog मध्ये त्या आपोआप शून्यापासून वर असतात आणि आपल्याला तेवढंच हवंय. t येईल 1/19 म्हणजे ०.०५२६, y1 ०.२१०५, y2 ०.३१५८, आणि भागून घेतलं की ४ आणि ६. एक सवय लावून घ्या, x परत काढला की तो मूळ अटींमध्ये घालून बघायचा आणि गुणोत्तरही मूळ फॉर्म्युल्याने परत काढायचं, सॉल्व्हरने दिलेल्या आकड्यावर थांबायचं नाही. तुम्ही ते केलंत म्हणूनच तुम्हाला १० दिसला, नाहीतर २.६६७ हा आकडा तसाच रिपोर्टमध्ये गेला असता.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नुसता नफा मोठा करायचा असता तर उत्तर (7, 3) आलं असतं, नफा ४७, तास २२, तासाला २.१३६. गुणोत्तरवालं उत्तर (4, 6), नफा ४४, तास १९, तासाला २.३१६. म्हणजे तीन युनिट नफा सोडून तीन तास वाचवले. हे उत्तर तेव्हाच खरं उपयोगाचं जेव्हा वाचलेल्या तीन तासांत मशीन दुसरं काही कमवू शकते. मशीन नुसती बंदच राहणार असेल तर तुम्हाला ४७ वालंच हवंय, आणि मग या सगळ्या खटाटोपाची गरजच नाही. हे मॉडेल लिहायच्या आधी विचारून घ्या, कारण बऱ्याचदा लोकांना गुणोत्तर रिपोर्टमध्ये बघायचं असतं, मोठं करायचं नसतं. तसंच "गुणोत्तर निदान २.२ तरी असावं" एवढीच मागणी असेल तर त्याला t लागतच नाही, छेद धन आहे म्हणून सरळ गुणून टाका, 6x1 + 5x2 - 10 >= 2.2*(2x1 + x2 + 5), ही साधी लिनिअर अट झाली.

हा बदल चार्न्स आणि कूपर या दोघांनी १९६२ मध्ये मांडला, म्हणून त्याला चार्न्स-कूपर ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, शोधताना याच नावाने सापडेल. याच दोघांनी ऱ्होड्स यांच्यासोबत १९७८ मध्ये एफिशियन्सी मोजायचं डीईए मॉडेल दिलं, तिथेही आउटपुट भागिले इनपुट असं गुणोत्तरच असतं आणि छेद १ ला बांधून त्याची एलपी होते. फक्त तिथे व्हेरिएबल म्हणजे वेट्स असतात आणि कॉन्स्टंट काहीच नसतो, म्हणून वेगळा t दिसत नाही. डीईएचा कोड बघून आपल्या मॉडेलमध्ये नक्कल केली की t गायब होतो तो इथेच, त्यामुळे तिकडून काही उचलत असाल तर हे ध्यानात ठेवा.

आता t चं चिन्ह. वर मी "t धन आहे म्हणून" असं पटकन म्हणून गेलो, पण सगळा डोलारा त्याच्यावर आहे. छेद तुमच्या अटींच्या आतल्या प्रत्येक x साठी धन असला पाहिजे. तुमच्याकडे तो निदान ५ आहे, x शून्य असले तरी सेटअपचे ५ तास जातातच, त्यामुळे काही प्रश्न नाही. पण छेदात वजाबाकी असेल, उदाहरणार्थ तास उणे वाचलेले तास असं काही, तर आधी एक छोटी एलपी चालवा, त्याच अटींवर फक्त छेद लहानात लहान किती होतो ते काढा. धन आला तर पुढे जा. छेद सगळीकडे ऋण असेल तर अंश आणि छेद दोन्हीची चिन्हं उलटा आणि मग पुढे जा. आणि छेद शून्य ओलांडून दोन्हीकडे जात असेल तर थांबा, कारण शून्याजवळ गुणोत्तर वाटेल तेवढं मोठं होऊ शकतं आणि मूळ प्रश्नालाच अर्थ राहत नाही. यातली फसवी गोष्ट अशी की बदललेली एलपी तुम्हाला हे सांगणार नाही. छेद = 1 आणि t >= 0 लिहिलं की ती गुपचूप फक्त धन छेदवाला भाग बघते, ऋण भाग तिच्या हिशोबी अस्तित्वातच नाही.

दुसरी गोष्ट, t शून्य आला तर काय. x = y/t करायचंय आणि t शून्य, मग लोक म्हणतात सॉल्व्हर बिघडला. असं होतं तेव्हा दोनच कारणं असतात. एक म्हणजे उजव्या बाजूंना t लावायचाच राहिला. तुमच्या मॉडेलमध्ये तिन्ही अटी तशाच ठेवून बघा, y1 + y2 <= 10 वगैरे, लगेच y2 = 1, t = 0 आणि ऑब्जेक्टिव्ह ५ येईल, कारण t ठेवला तर -10t चा तोटा आणि t ला धरून ठेवणारी एकही अट उरलेली नाही. दुसरं कारण खरं असतं, मूळ फीजिबल रीजन एका बाजूला उघडा आहे. सगळ्यात लहान उदाहरण x/(x+1), x >= 0, बस. x वाढवत नेला की गुणोत्तर १ च्या जवळ जवळ जातं पण १ कधीच होत नाही. बदललेली एलपी म्हणते y + t = 1 असताना y मोठा करा, उत्तर y = 1, t = 0. म्हणजे ती सांगतेय की १ ही हद्द आहे पण ती कुठल्याच खऱ्या x वर मिळत नाही, y च्या दिशेने अनंताकडे जावं लागेल. हे खोटं उत्तर नाही, उलट चांगली माहिती आहे, पण त्यातून प्लॅन काढता येत नाही.

प्रत्येक x ला खरी वरची मर्यादा असेल तर हे होऊच शकत नाही, आणि कारण समजायला सोपं आहे. t शून्य ठेवला तर अटी उरतात y1 + y2 <= 0, y2 <= 0 वगैरे, म्हणजे y सगळे शून्य, मग छेदाची ओळ 0 = 1 होते. म्हणून बंदिस्त मॉडेलमध्ये t शून्य दिसला की डोळे झाकून चूक शोधायला लागा. काही जण यावर उपाय म्हणून t >= 0.001 अशी bound लावतात, तसं करू नका प्लीज. त्याने भागाकाराचा एरर जातो पण चूक तिथेच राहते, आणि वर तुम्ही नकळत छेद १००० च्या आत असायची अट घातलेली असते.

आता जी गोष्ट मला स्वतःला महागात पडली ती. एका प्लॅनिंगच्या कामात छेद म्हणजे एकूण खर्च होता, पाच लाखांच्या आसपासचा आकडा. मॉडेल बरोबर, t सगळीकडे लावलेला, सॉल्व्हर म्हणतो ऑप्टिमल, आणि x परत काढला तर काही अटी थोड्या थोड्या तुटलेल्या, कुठे ०.३ ने, कुठे ०.५ ने. दोन दिवस मी मॉडेलमध्ये चूक शोधत बसलो. चूक मॉडेलमध्ये नव्हतीच. छेद पाच लाख म्हणजे t झाला ०.०००००२. सॉल्व्हर अट पाळली की नाही हे एका टॉलरन्सने ठरवतो, तो साधारण १० लाखात एक किंवा एक कोटीत एक असा असतो, म्हणजे y च्या अटीत ०.०००००१ एवढा फरक त्याला चालतो. पण आपण मग त्या सगळ्याला t ने भागतो, आणि ०.०००००१ भागिले ०.०००००२ म्हणजे अर्धा. सॉल्व्हरच्या दृष्टीने जो धुळीचा कण होता तो x मध्ये आल्यावर अर्धं युनिट झाला.

उपाय अगदी सोपा आहे आणि तो शिकवताना क्वचितच कुणी सांगतं. छेद १ लाच बांधायला हवा असं कुठे लिहिलंय? कुठल्याही धन K ला बांधा. K म्हणून छेदाचा अंदाजे नेहमीचा आकडा घ्या, माझ्या केसमध्ये 500000. मग t एकच्या आसपास येतो, y हे x च्याच मापाचे राहतात, टॉलरन्सला परत मूळ अर्थ येतो. फक्त ऑब्जेक्टिव्हची किंमत शेवटी K ने भागायची की गुणोत्तर मिळालं. तुमच्या केसमध्ये b_eq=[20] केलंत तर t ०.०५ ऐवजी १.०५ येईल, x तेच ४ आणि ६. इतक्या छोट्या मॉडेलला गरज नाही, पण खरा डेटा आला की पहिल्यापासून असंच लिहा.

शॅडो प्राइसबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण पुढचा प्रश्न तोच येतो, की x1 + x2 ची मर्यादा १० वरून ११ केली तर तासाचा नफा किती वाढेल. साध्या एलपीत त्या ओळीचा मार्जिनल वाचायचा आणि झालं. इथे त्या ओळीचा मार्जिनल आहे 26/19, साधारण १.३७ (linprog मध्ये तो ऋण दिसेल, कारण आपण चिन्ह उलटवून min केलंय). तासाचा नफा २.३१६ वरून एकदम ३.६८ होणार? नाही. कारण आता उजव्या बाजूला १० नाहीये, शून्य आहे, १० हा t चा कोइफिशियंट म्हणून आत गेलाय. मूळ १० मध्ये एकाने वाढ म्हणजे बदललेल्या ओळीत t एवढी वाढ. म्हणून मार्जिनलला t ने गुणायचं, 26/19 गुणिले 1/19, म्हणजे ०.०७२. ताळा करून बघू. मर्यादा ११ केली की उत्तर (5, 6) होतं, नफा ५०, तास २१, गुणोत्तर २.३८१, वाढ ०.०६५. अगदी ०.०७२ नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण साध्या एलपीत बेसिस बदलेपर्यंत शॅडो प्राइस स्थिर राहते तशी इथे राहत नाही, मर्यादा वाढवत जाल तसा छेदही वाढतो आणि फायदा हळूहळू कमी होत जातो. लहान बदलाला अंदाज चांगला आहे, मोठ्या बदलाला परत सोडवा.

आणि छेदाच्या ओळीचा मार्जिनल बघा, तो येतो 44/19. हेच तर गुणोत्तर आहे! हा योगायोग नाही. उजव्या बाजूला फक्त त्याच एका ओळीत १ आहे, बाकी सगळीकडे शून्य, त्यामुळे ड्युअलचं ऑब्जेक्टिव्ह म्हणजे तो एकटा मार्जिनल, आणि ऑप्टिममला तो प्रायमलच्या बरोबरीचा असतो. त्याचा अर्थही छान आहे, मशीनच्या एका तासाची किंमत २.३१६ धरली आणि नफ्यातून तासांची किंमत वजा केली, तर सगळ्यात चांगल्या प्लॅनला बरोब्बर शून्य उरतं आणि बाकी कुठल्याही प्लॅनला शून्याहून कमी. मला ही सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर जागा वाटते, कारण इथून दुसरी पद्धत आपोआप निघते, आणि x पूर्णांक हवे असतील तर तीच वापरावी लागते.

कारण पूर्णांकांना चार्न्स-कूपर चालत नाही. x = 4 पूर्णांक आहे पण y1 = 4/19 नाही, मग integer हा शब्द लावणार कुणाला? y ला लावलात तर काय होतं ते बघा. 2y1 + y2 + 5t = 1 मध्ये y पूर्णांक असायचे तर y1 शून्यच, आणि y2 एकतर शून्य किंवा एक. एक घेतला तर t शून्य होतो आणि y2 <= 6t तुटते. म्हणजे उरलं काय, दोन्ही y शून्य, t = 0.2, ऑब्जेक्टिव्ह -2. सॉल्व्हर तुम्हाला अगदी शांतपणे सांगेल की काहीही बनवू नका, हाच सर्वोत्तम प्लॅन आहे. तुमच्या मॉडेलमध्ये कोपरे योगायोगाने पूर्णांक आहेत म्हणून साध्या t ने काम भागतंय, मर्यादा १० ऐवजी ९.५ केली तर x1 लगेच ३.५ येईल.

तिथे डिंकेलबाखची पद्धत घ्या, १९६७ ची आहे. मूळ x मध्येच राहायचं, t नाहीच. तासाची एक किंमत L धरायची, अंश वजा L गुणिले छेद हे साधं लिनिअर ऑब्जेक्टिव्ह मोठं करायचं, जो x मिळेल त्याचं गुणोत्तर काढायचं, तेच नवीन L, आणि परत. integer लावायचं असेल तर या मधल्या प्रश्नात x ला बिनधास्त लावा, तो नेहमीचा पूर्णांक प्रश्न आहे.

तुमच्याच आकड्यांवर. सुरुवात (0, 0) पासून, गुणोत्तर -10/5, L = -2. ऑब्जेक्टिव्ह होतं 10x1 + 7x2 (कॉन्स्टंट इथे एकमेकांना कापतात), सगळ्यात मोठं (7, 3) वर, किंमत ९१. नवीन L = 47/22. परत सोडवा, कोइफिशियंट आता x1 ला १.७२७ आणि x2 ला २.८६४, x2 आता जास्त वजनदार झाला, म्हणून उत्तर सरकून (4, 6) वर जातं आणि ऑब्जेक्टिव्हची किंमत, कॉन्स्टंट धरून, ३.४१. शून्याच्या वर आहे म्हणजे अजून सुधारायला जागा होती. नवीन L = 44/19, परत सोडवा, परत (4, 6), किंमत शून्य. थांबलं. तीन वेळा सोडवावं लागलं. नेहमी ते फार पटकन थांबतं, दहाच्या वर फेऱ्या गेल्या तर मी आधी बघतो की शून्य किती काटेकोर धरलंय, कारण मधला पूर्णांक प्रश्न सॉल्व्हर गॅप ठेवून सोडवत असेल तर किंमत अगदी शून्य कधी येणारच नाही, तिथे थांबायची हद्द त्या गॅपला धरून ठरवायची.

एक शेवटची हद्द. हे सगळं एकाच गुणोत्तराचं आहे. दोन मशीन, प्रत्येकीचं आपलं गुणोत्तर, आणि दोन्हींची बेरीज मोठी करायचीय, असं असेल तर एक t दोन वेगळ्या छेदांना एकाच वेळी १ करू शकत नाही, आणि दोन t घेतले की y आणि x मधला दुवा परत गुणाकाराचा होतो. तो प्रश्न जातीनेच अवघड आहे, त्याला असा बदल नाही. दोन्हींतलं कमी असलेलं गुणोत्तर वर आणायचं असेल तर मात्र जमतं, L धरून दोन्हींसाठी अंश - L*छेद >= 0 या अटी लावा आणि त्या कुठल्या L पर्यंत पाळता येतात ते बायसेक्शनने शोधा, प्रत्येक पायरी साधी एलपी.

आत्ता तुम्ही एवढंच करा, bounds मधला ६ काढा, तिसरी ओळ [0, 1, -6] घाला, आणि चालवून बघा. ४ आणि ६ नाही आलं तर A आणि b_ub दोन्ही इथे टाका, बघतो.